ग्रुपचं कोटेशन: मुदत, समाविष्ट, समाविष्ट नाही. मसुदा बघून सांगाल का?

मुक्ता_स

नमस्कार मंडळी. मी सहली आखून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. आतापर्यंत कुटुंबांच्या सहली हाताळल्या, आता पहिल्यांदाच एका कंपनीच्या ग्रुपची चौकशी माझ्याकडे आली आहे. त्यांचा निरोप असा: "साधारण 35 जण असू, थोडे कमी-जास्त होतील. आमच्या ग्रुप लीडरला मोफत जागा हवी."

12 ते 16 नोव्हेंबर 2026, चार रात्री, एकच हॉटेल, एक 45 सीटर बस, स्थानिक गाइड आणि आमचा टूर लीडर. ग्रुप स्टेशनपर्यंत आपला आपण येणार, तिथून बस आमची.

खर्च असा धरला आहे (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी बदलले आहेत, चलन कुठलंही समजा, आमची फी यात नाही):

बस 84,000, गाइड 20,000, टूर लीडरची खोली-जेवण वगैरे 16,000. म्हणजे सगळ्यांत मिळून 1,20,000.
माणशी: हॉटेल नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह 8,800, दुपारची जेवणं 1,500, तिकिटं 1,200. म्हणजे 11,500.

35 जणांचा आणि एका मोफत जागेचा हिशेब करून माणशी 15,257 येतात. मसुदा असा:

> दर: प्रति व्यक्ती 15,257, ट्विन शेअरिंग
> वैधता: 7 दिवस
> समाविष्ट: राहणे, जेवण, बस, गाइड, कार्यक्रमानुसार साइटसीइंग
> समाविष्ट नाही: वैयक्तिक खर्च, तसेच वर न लिहिलेले सर्व काही

उद्या पाठवायचा आहे. काही राहिलंय का?

---

रोहन_द

मसुदा सुटसुटीत आहे. मला तरी पुरेसा वाटतो. "वर न लिहिलेले सर्व काही" हे वाक्य महत्त्वाचं, ते आहेच. आम्ही सगळ्या कोटेशनमध्ये तेच टाकतो. पुढे कुणी काही मागितलं की त्या ओळीवर बोट ठेवायचं. क्लायंटला लांबलचक यादी दिली की तो ती वाचत नाही आणि भाव करायला मात्र त्यातूनच मुद्दे काढतो. फक्त 7 दिवसांऐवजी 15 दिवस करा, कंपन्यांना मंजुरीला वेळ लागतो.

---

जुना_वाटाड्या

मुक्ता, उद्या पाठवू नका. एक दिवस थांबा.

सगळ्यात आधी दर. तुमचं 15,257 बरोबर आहे, पण ते फक्त 35 जण आले तरच. बस 35 जणांसाठी निघाली काय किंवा 27 जणांसाठी, 84,000 लागणारच. गाइड आणि टूर लीडरचंही तसंच. समजा 27 जण आले आणि तुम्ही लेखी 15,257 देऊन बसलात, तर जमा होतील 4,11,939. खर्च किती? 1,20,000, मोफत माणसाचे 11,500 आणि 27 जणांचे 3,10,500, असे 4,42,000. म्हणजे 30,061 कमी पडले, आणि तुमची फी अजून यात धरलेलीच नाही.

म्हणून ग्रुपचा दर कधीही एकच लिहायचा नाही, स्लॅबमध्ये लिहायचा. आणि स्लॅबचा भाव काढताना त्यातली सगळ्यात कमी संख्या धरायची. तुमच्या आकड्यांवर असा येतो:

> पैसे भरणारे 35 ते 40: माणशी 15,257
> 30 ते 34: माणशी 15,883
> 25 ते 29: माणशी 16,760
> 20 ते 24: माणशी 18,075
> 20 पेक्षा कमी: दर नव्याने काढावा लागेल
> प्रत्येक स्लॅबमध्ये 1 मोफत जागा धरली आहे, ट्विन खोलीत

वरची मर्यादा 40 का? बस 45 ची आहे. 40 पैसे भरणारे, 1 मोफत, टूर लीडर आणि गाइड असे 43 होतात. दोन सीट हाताशी राहू द्या, सामानालाही जागा लागते. स्लॅबची वरची बाजू मोकळी सोडून "35 आणि पुढे" लिहिलं, तर 47 जणांचा ग्रुप त्याच दरात दुसरी बस मागेल आणि कागदाप्रमाणे त्यांचं म्हणणं बरोबर असेल.

"पैसे भरणारे" हा शब्द गाळू नका. नुसतं "35 जण" लिहिलंत तर मोफत जागेचा माणूस त्या 35 मध्ये मोजायचा की बाहेर, यावर वाद होतो. मोफत जागा कुठल्या खोलीत तेही लिहा. ग्रुप लीडरला बहुतेक वेळा एकट्याची खोली हवी असते. हिशेब मात्र अर्ध्या ट्विनचा झालेला असतो.

मुदत आणि याद्यांबद्दल रात्री लिहितो.

---

मुक्ता_स

बापरे, 30,000 चा फरक. स्लॅब लगेच घालते. एक शंका: फी या दरातच मिळवायची ना? की वेगळी ओळ दाखवायची?

---

जुना_वाटाड्या

दरातच. मी वर दिलेले आकडे निव्वळ खर्चाचे आहेत, तुमची फी मिळवून मग स्लॅब लिहा.

---

तन्मयी

मी पलीकडच्या बाजूची आहे. आमच्या ऑफिसची सहल दरवर्षी मीच ठरवते, त्यामुळे अशी कोटेशनं माझ्या टेबलावर येत असतात. रोहन म्हणतात की लांब यादी क्लायंट वाचत नाही. मी वाचते. समाविष्टपेक्षा समाविष्ट नसलेलं आधी वाचते, कारण मला वरिष्ठांकडून एकदाच रक्कम मंजूर करून घ्यायची असते. नंतर लोकांकडून जास्तीचे पैसे गोळा करायला मी जाऊ शकत नाही.

"कार्यक्रमानुसार साइटसीइंग" या दोन शब्दांनी आमची एक सहल पार बिघडली होती. कार्यक्रमात "किल्ला पाहणे" असं होतं. आम्ही धरून चाललो की आत जायचं आहे. बस किल्ल्यासमोर वीस मिनिटं थांबली, फोटो काढा म्हणाले. आत जायचं तर तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. आयोजकांचं म्हणणं, पाहणे म्हणजे पाहणे. कागदावर ते खोटं नव्हतं, पण त्या दिवसानंतर ग्रुपमधल्या कुणीही त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही.

तर मुक्ता, प्रत्येक ठिकाणापुढे लिहा: आत प्रवेश तिकिटासह, की बाहेरून, की जाताना बसमधून. एवढ्या तीन शब्दप्रयोगांत काम होतं.

---

अनिरुद्ध_क

माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारतो. आम्ही 22 जण परदेशी जाणार आहोत. एजंटने विमानासकट एकच रक्कम दिली आहे आणि खाली लिहिलंय "विमानभाडे व चलनदरातील बदल लागू". मग दर दिलाय कशाला? उद्या काहीही वाढवतील.

---

जुना_वाटाड्या

अनिरुद्ध, त्यांना दोन भाग करून द्यायला सांगा. जमिनीवरच्या खर्चाचा भाग, म्हणजे हॉटेल-बस-गाइड, ज्या चलनात तिकडे भरायचा आहे त्याच चलनात लिहून द्यावा. रूपांतर करून एक रक्कम दाखवायची असेल, तर कुठल्या तारखेचा, कुणाचा जाहीर केलेला दर धरला आणि शेवटचा हिशेब कुठल्या दिवसाच्या दराने होणार, हे लिहावं. विमानाचा भाग वेगळा: मूळ भाडं किती आणि कर किती, कुठल्या तारखेला घेतले. तिकीट निघेपर्यंत कर बदलू शकतात, ते कुठल्याच एजंटच्या हातात नसतं. पण मूळ भाडं ग्रुपसाठी पक्कं करून घेतलं असेल तर ते किती तारखेपर्यंत पक्कं आहे ते त्यांना माहीत असतं, आणि ती तारीख त्यांनी लिहायला हवी. "बदल लागू" एवढंच लिहिलं की तुम्हाला काहीच कळत नाही. "याच्यात बदल होईल, या कारणाने, या दिवसापर्यंत" असं असेल तर तुम्ही निर्णय घेऊ शकता.

आता मुक्ताच्या मुदतीकडे.

"7 दिवस" यात दोन खोट आहेत. एक, कुठल्या दिवसापासून? तुम्ही मंगळवारी पाठवता, त्यांचे साहेब सोमवारी उघडतात, त्यांच्या मते मुदत सोमवारपासून सुरू. म्हणून तारीख, वार आणि वेळ लिहायची. दुसरी खोट जास्त महत्त्वाची: मुदत ही तुमच्या मनाने ठरत नाही, ती हॉटेलने तुमच्यासाठी खोल्या कुठवर धरून ठेवल्या आहेत त्यावर ठरते. रोहन 15 दिवस म्हणाले. पण हॉटेलची ऑप्शन डेट दहाव्या दिवशी संपत असेल तर शेवटचे पाच दिवस तुम्ही हातात नसलेली वस्तू विकत असता.

तुमच्या हॉटेलने ऑप्शन डेट काय दिली आहे?

---

मुक्ता_स

मेलमध्ये आहे: 18 ट्विन आणि 1 सिंगल, 22 सप्टेंबर मंगळवार दुपारी 12 पर्यंत धरून. त्याआधी 25% भरून कन्फर्म करायचं, नाहीतर खोल्या आपोआप सुटतील. 12 ऑक्टोबरपर्यंत खोल्या कमी केल्या तर पैसे कापणार नाहीत.

---

जुना_वाटाड्या

छान, हॉटेल नीट बोलणारं आहे. आता 22 वरून मागे या. ग्रुपचा होकार आला, त्यांनी ॲडव्हान्स भरला, तो तुमच्या खात्यात दिसला, तुम्ही हॉटेलला भरला, हॉटेलची पावती आली. या सगळ्याला दोन कामाचे दिवस धरा. मध्ये शनिवार-रविवार आहे. म्हणून ग्रुपला 18 सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळी 5. आणि मुदत एका तारखेत मावत नाही. मी तीन ओळी वेगळ्या लिहितो:

> हा दर 12 ते 16 नोव्हेंबर 2026 याच तारखांच्या सहलीसाठी आहे. तारखा बदलल्यास दर नव्याने दिला जाईल.
> हा प्रस्ताव 18 सप्टेंबर 2026, शुक्रवार, संध्याकाळी 5 वाजेपर्यंत स्वीकारता येईल. लेखी होकार आणि 25% ॲडव्हान्स या वेळेपर्यंत आमच्या खात्यात जमा झालेला असावा.
> 18 ट्विन व 1 सिंगल खोली तोपर्यंत तुमच्या नावाने राखून ठेवली आहे. त्यानंतर दर व खोल्या दोन्ही उपलब्धतेनुसार.

पहिली ओळ सहलीच्या तारखांबद्दल, दुसरी निर्णयाच्या तारखेबद्दल. बहुतेक कोटेशनमध्ये या दोन्ही "वैधता" या एकाच शब्दाखाली घुसडलेल्या असतात. मग "नोव्हेंबरअखेर वैध" लिहिलेलं वाचून क्लायंट समजतो की नोव्हेंबरमध्ये कळवलं तरी चालेल.

तिसरी ओळ खरी असेल तरच लिहा. खोल्या धरलेल्या नसतील तर स्पष्ट सांगा, "सध्या कोणतीही जागा राखून ठेवलेली नाही". लोकांना वाटतं दर दिला म्हणजे जागा आहे.

---

रोहन_द

ऑप्शन डेटचा मुद्दा मान्य. दिवसांऐवजी तारीख हेही मान्य. पण समाविष्ट नसलेल्या गोष्टींच्या यादीवर मी ठाम आहे. जगातल्या सगळ्या गोष्टी कशा लिहिणार? ती ओळ कायदेशीर संरक्षण आहे.

---

जुना_वाटाड्या

ती ओळ काढा असं मी म्हणत नाही, शेवटी असू द्या. पण तिच्या भरवशावर यादी टाळू नका. जगातल्या सगळ्या गोष्टी लिहायच्या नसतातच. समाविष्ट नसलेल्यांमध्ये एवढंच लिहायचं, जे एखादा शहाणा माणूस तुमचा कार्यक्रम वाचून "हे असेलच" असं धरेल आणि जे नाही. पाच-सहा ओळींच्या वर जात नाही.

ते शोधायची माझी पद्धत साधी आहे. दिवसवार कार्यक्रम छापून घ्यायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचं. प्रत्येक वाहन, जेवण, ठिकाण, प्रत्येक कृती यांच्याखाली रेघ मारायची आणि समासात "हो" किंवा "नाही" लिहायचं. प्रत्येक रेघ एका यादीत पोचली पाहिजे, आणि एकाच यादीत. दोन्हीकडे नसलेली गोष्ट म्हणजे पुढचं भांडण. दोन्हीकडे असलेलीही तसंच. मुक्ता, कार्यक्रम इथे टाकाल का?

---

मुक्ता_स

थोडक्यात टाकते.

> 12 नोव्हें: दुपारी 2 ला स्टेशनवर स्वागत, हॉटेल, संध्याकाळ मोकळी, रात्रीचे जेवण
> 13 नोव्हें: शहरदर्शन, संग्रहालय, जुना राजवाडा, बाजारपेठ
> 14 नोव्हें: केबल कारने डोंगरमाथा, संध्याकाळी बोटीची सफर
> 15 नोव्हें: तलावाकाठी दिवस, निरोपाचे जेवण
> 16 नोव्हें: नाश्ता, सकाळी 11 ला स्टेशनवर सोडणे

तिकिटांच्या 1,200 मध्ये संग्रहालय 400 आणि केबल कार 800 आहेत.

---

तन्मयी

मग बोट कुठे आहे? मी ग्राहक म्हणून हा कागद वाचला तर 14 तारखेला बोटीत बसणार हे नक्की धरेन. राजवाड्याचंही तिकीट दिसत नाही. आणि "निरोपाचे जेवण" म्हटलं की आमच्या लोकांना वाटेल काहीतरी खास आहे, हॉल, संगीत वगैरे. ते हॉटेलचं रोजचंच जेवण आहे का?

---

मुक्ता_स

राजवाडा बाहेरूनच आहे. निरोपाचं जेवण हॉटेलचंच, फक्त शेवटचं म्हणून तसं लिहिलं. बोट ऐच्छिक ठेवायची ठरली होती, ज्यांना हवी ते जातील. आता ती समाविष्ट नाही मध्ये टाकू?

---

जुना_वाटाड्या

तन्मयींनी माझं काम केलं.

बोट समाविष्ट नाही मध्ये टाकलीत तर कार्यक्रमात ती "आहे" आणि यादीत "नाही", वाचणारा गोंधळेल. त्यापेक्षा तिसरा मथळा करा: "ऐच्छिक, जादा दराने". तिथे माणशी दर, किमान किती जण हवेत, आणि किती तारखेपर्यंत सांगायचं हे लिहा. कार्यक्रमातही 14 तारखेला "संध्याकाळ मोकळी (ऐच्छिक बोट सफर)" असं बदला. कार्यक्रम आणि याद्या वेगवेगळं बोलत असतील तर क्लायंट कार्यक्रमालाच वचन मानतो, आणि मला ते चूक वाटत नाही.

समाविष्टमध्ये मोजता येईल असंच लिहायचं. "जेवण" हा शब्द घ्या. तुमच्या 1,500 मध्ये किती दुपारची जेवणं आहेत?

---

मुक्ता_स

तीन. 13, 14, 15. बाराला ते दुपारी येतात आणि सोळाला 11 ला जातात.

---

जुना_वाटाड्या

मग असं लिहा, मी तुमच्याच माहितीवरून उतरवतो. कमी-जास्त करा.

> दरात समाविष्ट
> 4 रात्री, ट्विन खोलीत दोघे, 12 नोव्हेंबर दुपारी 3 पासून 16 नोव्हेंबर सकाळी 10 पर्यंत
> 4 नाश्ते (13 ते 16), 3 दुपारची जेवणं (13, 14, 15), 4 रात्रीची जेवणं हॉटेलच्या ठरलेल्या मेनूप्रमाणे (12 ते 15)
> 45 सीटर बस, 12 ला दुपारी 2 ला स्टेशनपासून 16 ला सकाळी 11 ला स्टेशनपर्यंत, कार्यक्रमात लिहिलेल्या फेऱ्यांसाठी, दिवसाला जास्तीत जास्त 10 तास. टोल, पार्किंग आणि चालकाचा मुक्काम यातच
> गाइड 13 आणि 14 ला पूर्ण दिवस
> तिकिटासह प्रवेश: संग्रहालय, केबल कार जाऊन-येऊन
> सध्या लागू असलेले सर्व कर, खाली वेगळे लिहिलेले सोडून
>
> दरात समाविष्ट नाही
> स्टेशनपर्यंतचा आणि स्टेशनपासूनचा प्रवास
> 12 आणि 16 चं दुपारचं जेवण
> जेवणाबरोबरची पेयं, पाणी सोडून
> राजवाड्यात प्रवेश (राजवाडा बाहेरून पाहायचा आहे)
> हॉटेलात प्रत्येकाने थेट भरायचा स्थानिक पर्यटन कर, असल्यास: माणशी, दर रात्री, रक्कम अमुक
> प्रवास विमा, टिप, हमाली
> समाविष्ट यादीत न लिहिलेलं इतर काहीही
>
> ऐच्छिक, जादा दराने
> बोट सफर, 14 ला संध्याकाळी: माणशी अमुक, किमान 15 जण, 12 ऑक्टोबरपर्यंत कळवावं
> एकट्याची खोली: 4 रात्रींचे मिळून अमुक, हॉटेलकडे शिल्लक असतील तोवर

हॉटेलच्या वेळा, गाइडचे दिवस आणि बसचे तास मी अंदाजाने घातले आहेत, तुमच्या कराराशी ताडून बघा. विशेषतः बस. 14 ला रात्री उशिरा बोट संपली आणि बसचे तास भरले, तर परतीचे जादा तास कुणी भरायचे? ते बोटीच्या दरात धरा. पर्यटन कर अनेक शहरांत असतो आणि हॉटेल तो काउंटरवर पाहुण्याकडूनच घेतं. तो लिहायचा राहिला तर पहिल्याच संध्याकाळी रांगेत उभे असलेले 36 लोक तुमच्या टूर लीडरला विचारतात, हे काय नवीन?

याद्या एकाखाली एक ठेवा, किंवा दोन रकाने करा, पण एकाच परिच्छेदात "अमुक समाविष्ट, मात्र तमुक वगळून" असं गुंफू नका. "सर्व जेवणं समाविष्ट (पेयं व पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण वगळता)" हे वाक्य वाचणारा कंसाच्या आधीच थांबतो.

---

सायली_प

मी अशाच एका ऑफिसात हिशेब बघते. स्लॅबबद्दल एक खटकलं ते लिहिते. वाटाड्यांच्या तक्त्यात 24 जण आले तर 24 गुणिले 18,075, म्हणजे 4,33,800. आणि 25 आले तर 25 गुणिले 16,760, म्हणजे 4,19,000. एक माणूस कमी असून ग्रुपला 14,800 जास्त. कुठलाही जागरूक क्लायंट म्हणेल, आम्ही न येणाऱ्या पंचविसाव्याचे पैसे भरतो, आम्हाला 25 चा दर लावा. आणि आपल्याला नाही म्हणायला कारण नाही, कारण 24 जणांचा आपला खर्च 4,07,500 च आहे.

---

जुना_वाटाड्या

सायली, बरोबर पकडलंत. स्लॅबच्या काठावर हे होतंच, पाचच्या जागी दहाचा स्लॅब केला तर आणखी वाढतं. मी कोटेशनमध्ये एक ओळ घालतो: "संख्या स्लॅबच्या खाली आल्यास ग्रुप वरच्या स्लॅबच्या किमान संख्येचे पैसे भरून तो दर ठेवू शकतो." क्लायंटने मागण्याआधी आपणच लिहिलं की भरवसा वाढतो.

---

रोहन_द

हे मला पटत नाही. ही सूट आपण कागदावर आधीच का द्यायची? काठावर जे थोडं जास्त मिळतं त्यातूनच ऐनवेळच्या खर्चाची सोय होते. मागितलं तर देऊ.

---

सायली_प

रोहन, मग ऐनवेळच्या खर्चासाठी माणशी ठरावीक रक्कम दरातच धरा. 24 ची संख्या झाली तरच मिळणाऱ्या पैशावर त्याची सोय कशी लावणार? पण तुम्ही म्हणता तसं करणारे बरेच आहेत हे खरं. मला स्वतःला तर स्लॅबऐवजी सरळ प्रत्येक संख्येचा दर देणारा तक्ता आवडतो, 20 ते 40 एकेक ओळ. क्लायंटला लांब वाटतो हे मान्य, पण वाद होत नाही.

---

तन्मयी

मला एकवीस ओळींचा तक्ता नको. वरिष्ठांना दाखवताना चार ओळीच बऱ्या. मला एवढंच हवंय की कुठला स्लॅब लागणार हे कुठल्या दिवशीच्या संख्येवर ठरणार ते लिहिलेलं असावं. आमच्याकडे होकार देताना 34, पैसे भरताना 31 आणि निघताना 29 असं नेहमीच होतं.

---

मुक्ता_स

हो, हेच मी विचारणार होते. हॉटेल 12 ऑक्टोबरपर्यंत खोल्या कमी करू देतं. तीच तारीख धरू का?

---

जुना_वाटाड्या

दोन-तीन दिवस आधीची धरा, 9 ऑक्टोबर, शुक्रवार. तुम्हाला हॉटेलला कळवायला वेळ हवा. "9 ऑक्टोबर 2026 रोजी संध्याकाळी 5 वाजता कळवलेली पैसे भरणाऱ्यांची संख्या अंतिम धरून स्लॅब ठरेल" असं लिहा. बोट सफरीची आणि खोल्यांच्या यादीची तारीखही मग हीच करा, तीन वेगळ्या तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

त्यानंतर कुणी गळलं तर उरलेल्यांचा दर वाढवायचा नाही. जो गळला त्याच्या रद्द करण्याच्या शुल्कातून निदान त्याच्या वाट्याचा बस, गाइड, टूर लीडर आणि मोफत जागेचा खर्च तरी सुटला पाहिजे. तुमच्या 25 ते 29 च्या स्लॅबमध्ये तो वाटा माणशी 5,260 आहे, 11,500 च्या वरचा जो भाग तो. तेव्हा 9 ऑक्टोबरनंतरचं शुल्क त्याच्यापेक्षा कमी ठेवू नका. हॉटेलचं कापलेलं वेगळं.

---

अनिरुद्ध_क

मी एजंटला दोन भाग करून मागितले. जमिनीवरचा भाग दिला, विमानाच्या मूळ भाड्याची तारीख मात्र देत नाहीत. "एअरलाइन्स बदलू शकते" एवढंच.

---

जुना_वाटाड्या

मग बहुधा ग्रुपचं भाडं पक्कं केलेलंच नाही, त्या दिवशी दिसणारं भाडं धरून रक्कम दिली आहे. तसं असेल तर त्यात फसवणूक नाही, पण तसं लिहून मागा. म्हणजे तुम्ही त्या आकड्याला अंदाज समजाल.

---

सायली_प

मुक्ता, आणखी एक. 27 आले आणि एक मोफत, म्हणजे 28, चौदा खोल्या. पण 15 बायका आणि 13 पुरुष असतील तर दोन्हीकडे एकेक माणूस उरतो आणि खोल्या पंधरा लागतात. दोघांनीही एकट्याची खोली मागितलेली नाही. ते जादा पैसे कुणाचे? मी तिन्ही प्रकार बघितलेत. काही ऑफिसं त्या दोघांकडून घेतात, काही ग्रुपच्या एकूण बिलात घालतात, काही स्वतः सोसतात.

---

मुक्ता_स

याचा विचारच नव्हता. तन्मयी, ग्राहक म्हणून तुम्हाला काय बरं वाटेल?

---

तन्मयी

ग्रुपच्या बिलात. एका माणसाला "तुला जोडीदार नाही म्हणून जास्त भर" हे सांगायची वेळ माझ्यावर नको. पण रक्कम आधी कळू द्या.

---

रोहन_द

आमच्याकडे त्या व्यक्तीकडूनच घेतो आणि आधी लिहितो. दोन्ही चालतं, लिहिलेलं असलं की झालं.

---

मुक्ता_स

मग मी अशी ओळ घालते: "खोल्यांच्या यादीत जोडी न जमल्यास लागणाऱ्या एकट्याच्या खोलीची जादा रक्कम ग्रुपच्या एकूण बिलात धरली जाईल, प्रति खोली अमुक." साहेबांशी बोलून पक्कं करते. बसवाल्याला 14 तारखेच्या जादा तासांचा भाव विचारला आहे, तो आला की बोटीचा दर लिहून कोटेशन गुरुवारी पाठवते. वर कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक आणि पाठवल्याची तारीख टाकली आहे, म्हणजे ते जुन्या कागदावर होकार देणार नाहीत. दर बदलला की नवा क्रमांक, आणि "यामुळे आधीची आवृत्ती रद्द" अशी ओळ.

---

सायली_प

आवृत्ती क्रमांक ॲडव्हान्सच्या पावतीवरही टाका. पैसे नेमक्या कुठल्या कागदावर आलेत ते मग हिशेबातही दिसतं.